चेक परत गेला, वकिलाची नोटीस आली: एका पानाचा सारांश कसा काढायचा

पैसे मागणारी नोटीस घेऊन लोक वकिलाकडे येतात तेव्हा बहुतेकांनी ती चार-पाच वेळा वाचलेली असते. तरी तीन प्रश्नांना उत्तर मिळत नाही. नेमके किती मागितलेत? मुदत कोणत्या तारखेला संपते? आणि ती मुदत कशाची आहे? उत्तरादाखल ऐकू येतं ते असं: "त्यानं मला फसवणूक करणारा म्हटलंय." ते वाक्य नोटिशीत असतंच, पण त्यावर काहीच अवलंबून नसतं.

वकिलाकडे जाण्याआधी एका पानाचा नीट सारांश हातात असेल तर पहिली भेट कामाची होते. तो कसा काढायचा ते इथे टप्प्याटप्प्यानं दिलंय. पैशाच्या नोटिसा अनेक तऱ्हेच्या असतात. इथे सगळ्यात जास्त येणारी आणि सगळ्यात कमी वेळ देणारी नोटीस घेतली आहे: हातउसने पैसे, त्यापोटी दिलेला चेक, चेक न वटता परत, आणि मग कलम १३८ ची नोटीस. हा लेख सारांशापुरता आहे. उत्तर काय द्यायचं याचा निर्णय कागदपत्रं पाहून वकीलच सांगेल.

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्रसंग शेवटपर्यंत धरू. मिरजेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी ओळखीच्या ठेकेदाराकडून १० मार्च २०२४ रोजी बँकेमार्फत ४,००,००० रुपये घेतले. विश्वास म्हणून सही केलेला, तारीख आणि रक्कम न घातलेला एक चेक दिला. पुढे यूपीआयनं दहा-दहा हजार करत १,२०,००० रुपये परत केले. जानेवारी २०२६ मध्ये ठेकेदारानं चेकवर ४,००,००० रक्कम आणि २ जानेवारी ही तारीख घालून तो बँकेत भरला. पुरेशी शिल्लक नाही म्हणून चेक परत गेला. त्यानंतर नोटीस आली.

## तयारी: आधी काय गोळा करायचं

टेबलावर एवढ्या गोष्टी हव्यात: नोटिशीची सगळी पानं, ती ज्या पाकिटातून आली ते पाकीट, नोटिशीसोबत काही प्रती आल्या असतील तर त्या, स्वतःच्या बँक खात्याचा उतारा (पैसे आले त्या दिवसापासून आजपर्यंतचा, सलग), चेकबुकाची स्थळप्रत, आणि समोरच्याशी झालेला मोबाइलवरचा संवाद. संवाद आहे तसा ठेवा. त्यातलं काही खोडू नका, पुढे पाठवू नका, आणि आता त्या माणसाला नवीन काही लिहू नका. रागाच्या भरात पाठवलेला "देतो रे, पळून चाललोय का" हा संदेश पुढे न्यायालयात वाचला जाऊ शकतो.

नोटिशीच्या दोन झेरॉक्स काढा. खुणा, रेघा, प्रश्नचिन्हं काय ती झेरॉक्सवर. मूळ प्रत कोरी राहिली पाहिजे.

इशारा: पाकीट फेकू नका. नोटिशीवर वकिलानं घातलेली तारीख ती लिहिल्याची असते. ती कधी रवाना झाली हे पाकिटावर किंवा टपालाच्या नोंदीत कळतं, आणि खरं गणित याच तारखांवर चालतं.

## टप्पा १: चार तारखा वेगळ्या काढा

सारांशाच्या सगळ्यात वर रक्कम नाही, तारखा येतात. चार तारखा लागतात: बँकेनं चेक परत केल्याचं समोरच्याला कळलं ती, नोटीस लिहिली ती, नोटीस टपालात पडली ती आणि तुमच्या हाती आली ती. पहिली तारीख नोटिशीच्या मजकुरात सापडते, साधारणपणे "बँकेचा रिटर्न मेमो आमचे अशिलास अमुक तारखेस मिळाला" अशा वाक्यात. तिसरी आणि चौथी पाकिटावरच्या बारकोडच्या नंबरावरून टपाल खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येते. त्या पानाचं चित्र तेव्हाच काढून ठेवा, कारण या नोंदी कायम दिसत राहतात असं नाही.

आपल्या उदाहरणात मेमो मिळाला ७ जानेवारी २०२६ ला, नोटिशीवर तारीख २० जानेवारी, टपालात २१ जानेवारी, आणि दुकानात पोचली शनिवारी २४ जानेवारीला. सही दुकानातल्या मुलानं केली. तेही लिहायचं: "पाकीट दुकानातल्या कामगारानं घेतलं." ते पोचलं नाही असं म्हणायची सोय त्यामुळे राहत नाही, आणि वकिलाला हे आधीच कळलेलं बरं.

पाकीट घ्यायलाच नकार दिला तर नोटीस लागू होत नाही, असा एक समज गावोगाव आहे. तो खोटा आहे. बरोबर पत्त्यावर टपालानं पाठवलेली नोटीस नाकारली किंवा घ्यायला कोणी गेलं नाही, तरी ती पोचली असंच कायदा सर्वसाधारणपणे धरतो. सी. सी. अलावी हाजी यांच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. नाकारलेल्या नोटिशीचा एकच परिणाम होतो: मुदत चालू होते, पण आत काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं.

नोटीस आधी व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर आली असेल तर ती तारीखही लिहा. पुढचा हिशेब दोन्ही तारखांनी करा आणि वागताना आधीची मुदत धरून चाला.

तपासणी: चारही तारखांपुढे ती कुठून घेतली ते लिहिलंय का? "नोटीस पान २, परिच्छेद ५", "टपालाची नोंद", असं. जिथे पुरावा नाही तिथे "आठवणीनुसार" असं लिहा.

## टप्पा २: नोटीस कोणत्या जातीची आहे ते ओळखा

हा टप्पा चुकला तर पुढचं सगळं चुकतं, कारण "१५ दिवसांत रक्कम द्या" हे वाक्य दोन्ही तऱ्हेच्या नोटिशीत असतं.

साध्या वसुलीच्या नोटिशीत ही मुदत वकिलानं आपल्या मनानं घातलेली असते. ७ दिवस, १५ दिवस, ३० दिवस, काहीही. ती उलटली म्हणून कोणताही गुन्हा घडत नाही. समोरचा फार तर दिवाणी दावा लावेल.

कलम १३८ च्या नोटिशीत मात्र १५ दिवस कायद्यानं ठरवलेले आहेत. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं हे कलम असं चालतं: चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्यानं लेखी मागणी करायची, मागणी पोचल्यापासून १५ दिवसांत तुम्ही चेकची रक्कम द्यायची, आणि ती न दिली तर त्याला फौजदारी फिर्याद करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणून नोटिशीत चार गोष्टी शोधा: चेकचा नंबर, बँक आणि शाखा, चेक परत जाण्याचं कारण, आणि "कलम १३८" असा उल्लेख. या सगळ्या असतील तर सारांशाच्या शीर्षकातच लिहा: "चेक न वटल्याची नोटीस, कलम १३८." काही नोटिशीत फसवणुकीची कलमंही ठासून भरलेली असतात. त्यांची फक्त नोंद करा. ती वाचून झोप उडवून घेऊ नका, आणि ती खोटी आहेत म्हणून पूर्ण नोटीसच खोटी असंही समजू नका.

इशारा: हे १५ दिवस पैसे देण्यासाठी आहेत, उत्तर देण्यासाठी नाहीत. "मी चौदाव्या दिवशी उत्तर पाठवलं, म्हणजे मुदतीत बसलं" असं समजणारे अनेकजण भेटतात. उत्तर पाठवल्यानं ही मुदत थांबत नाही.

## टप्पा ३: मागणीचं वाक्य जसंच्या तसं उतरवा

पूर्ण नोटिशीत एकच वाक्य असं असतं जे आपल्या शब्दांत लिहायचं नाही. ते बहुतेक शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात सापडतं: "तरी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांचे आत..." असं सुरू होणारं. ते अक्षर न अक्षर उतरवून अवतरणचिन्हात ठेवा. नोटीस इंग्रजीत असेल तर वाक्यही इंग्रजीतच उतरवा आणि खाली त्याचा अर्थ लिहा.

एवढा आग्रह का, तर कलम १३८ खाली मागणी चेकच्या रकमेची असावी लागते. त्याशिवाय व्याज, नोटीस फी वगैरे मागितलं, पण चेकची रक्कम वेगळी आणि स्पष्ट दाखवली असेल, तर नोटीस चालते. चेकची रक्कम वेगळी न दाखवता सगळं एकत्र करून भलताच आकडा मागितला, तर नोटिशीच्या वैधतेवरच प्रश्न उभा राहतो. सुमन सेठी यांच्या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक सांगितला. तुम्ही सारांशात "५ लाख ८१ हजार मागितलेत" एवढंच लिहिलंत, तर वकिलाला हा मुद्दा दिसणारच नाही.

उदाहरणातलं वाक्य असं धरू: "तरी सदर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांचे आत चेकची रक्कम रु. ४,००,०००, त्यावरील द.सा.द.शे. २४ टक्के दराने व्याज रु. १,७६,००० व नोटीस फी रु. ५,००० अशी एकूण रु. ५,८१,००० आमचे अशिलास अदा करावी." इथे चेकची रक्कम सुटी दाखवली आहे. त्यामुळे "एकूण आकडा चुकीचा म्हणून नोटीस बाद" ही पळवाट मिरजेच्या गृहस्थांना मिळणार नाही. हे आत्ताच कळलेलं चांगलं, नाहीतर कुणीतरी चहाच्या टपरीवर तोच सल्ला देतो.

आता आकडे पडताळा. ४,००,००० वर वर्षाला २४ टक्के म्हणजे ९६,०००, महिन्याला ८,०००. १,७६,००० भागिले ८,००० म्हणजे २२ महिने. १० मार्च २०२४ पासून १० जानेवारी २०२६ पर्यंत बरोबर २२ महिने होतात, म्हणजे बेरीज ठीक आहे. पण या साध्या भागाकारातून एक महत्त्वाची गोष्ट बाहेर आली. व्याज पूर्ण काळ पूर्ण ४ लाखांवर लावलंय. मधे परत केलेल्या १,२०,००० चा यात पत्ताच नाही. नोटिशीच्या मजकुरात त्या पैशांचा उल्लेख आहे का ते पुन्हा पाहा, आणि नसेल तर सारांशात लिहा: "परतफेडीचा उल्लेख नाही."

व्याजाच्या दराबद्दलही एक ओळ हवी: हा दर कुठे ठरला असं नोटीस म्हणते? लेखी करार, प्रॉमिसरी नोट, की नुसतं "ठरल्याप्रमाणे"? उदाहरणात नुसतं "ठरल्याप्रमाणे" आहे. तेवढंच लिहायचं. "दर खोटा आहे" असं इथे लिहायचं नाही, कारण हा सारांश अजून त्यांच्या म्हणण्याचा आहे.

तपासणी: सारांशातलं प्रत्येक वाक्य "त्यांचं म्हणणं" म्हणून वाचता येतं का? "मी चार लाख घेतले आणि बुडवले" असं लिहिलं असेल तर ते बदलून "नोटिशीनुसार चार लाख दिले व परत केले नाहीत" असं करा. दावा आणि वस्तुस्थिती एकत्र झाली की कागद वाचणारा गोंधळतो. आणि असा कागद चुकून दुसऱ्याच्या हाती पडला तर तुमची कबुली म्हणून दाखवला जाऊ शकतो.

## टप्पा ४: मुदतीची तारीख काढा

नोटीस मिळाली तो दिवस मोजायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून एक, दोन, तीन. मधल्या सुट्ट्या, रविवार, २६ जानेवारी, सगळे दिवस धरायचे.

२४ जानेवारीला मिळाली, म्हणजे २५ हा पहिला दिवस. ३१ जानेवारीपर्यंत सात दिवस झाले. उरलेले आठ फेब्रुवारीत. पंधरावा दिवस ८ फेब्रुवारी २०२६. कॅलेंडर पाहिलं तर तो रविवार आहे. पैसे द्यायचेच असतील तर बँकेत काही अडलं आणि रविवारी कोणी नसलं, असं व्हायला नको. म्हणून सारांशात दोन तारखा लिहा: "कायद्याची शेवटची तारीख ८ फेब्रुवारी, प्रत्यक्ष व्यवहारासाठी शुक्रवार ६ फेब्रुवारी." आणि वकिलाला भेटण्याची तारीख याच्या किमान आठवडाभर आधीची.

पुढची तारीखही काढून ठेवा, ती लोक हमखास विसरतात. १५ दिवस संपल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे ९ फेब्रुवारीला, समोरच्याला फिर्यादीचं कारण मिळतं. तिथून एक महिन्यात त्यानं न्यायालयात जायचं, म्हणजे ९ मार्चपर्यंत. उशीर झाला तरी सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. त्यामुळे "९ मार्च उलटला, सुटलो" असं लिहू नका. "नेहमीची मुदत ९ मार्च" एवढंच लिहा.

मागच्या बाजूचाही हिशेब तपासा. मेमो ७ जानेवारीला मिळाला, नोटीस २१ ला निघाली. ३० दिवसांच्या आत आहे. चेकवरची तारीख २ जानेवारी, आणि चेक तारखेपासून तीन महिने चालतो, तेव्हा तोही वेळेत भरला गेलाय. आणखी एक: पैसे घेतले मार्च २०२४ मध्ये, हातउसन्या पैशांच्या वसुलीची साधारण मुदत तीन वर्षांची. तीही संपलेली नाही. म्हणजे तारखांच्या बाजूनं या नोटिशीत फट नाही. असं निघालं तर तसंच लिहा. सारांशाचं काम वकिलाला खरं चित्र दाखवणं हे आहे, खूश करणं नाही.

नेहमीची चूक: नोटिशीवरच्या तारखेपासून मोजणं. उदाहरणात तसं मोजलं तर ४ फेब्रुवारी येते. त्यात नुकसान नाही, उलट चार दिवस आधी जाग येते. खरं नुकसान होतं ते "वकील भेटला त्या दिवसापासून" मोजणाऱ्यांचं.

## टप्पा ५: आपली बाजू वेगळ्या कागदावर

आता दुसरा कागद घ्या. नोटिशीतल्या परिच्छेदांचे क्रमांक डावीकडे आणि समोर तीनपैकी एक शब्द: बरोबर, चूक, किंवा माहीत नाही. त्यापुढे पुरावा. यात वकिली भाषा नको.

मिरजेच्या प्रकरणात खरा मुद्दा इथेच आहे. पैसे घेतले, बरोबर. सही माझी, बरोबर. चेकवरची रक्कम आणि तारीख माझ्या हातची नाही. यावर बरेच लोक खूश होतात आणि "कोरा चेक होता, तारण म्हणून दिला होता" हे मोठ्या अक्षरात लिहितात. त्यावर फार भिस्त ठेवू नका. स्वतःहून सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्यानं भरला तरी तो देण्यापोटीच आहे असं गृहीत धरलं जातं, असं सर्वोच्च न्यायालयानं बीर सिंग यांच्या खटल्यात २०१९ साली म्हटलंय. ते गृहीतक खोडून काढायचं ओझं तुमच्यावर असतं.

वजन आहे ते यूपीआयनं परत केलेल्या १,२०,००० ला. चेक भरला तेव्हा खरं देणं चेकच्या रकमेपेक्षा कमी होतं आणि मधली परतफेड चेकवर नोंदवली नव्हती, तर त्या चेकवर कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असं दशरथभाई पटेल यांच्या खटल्यात २०२२ साली ठरलं. ४ लाखांतून १,२०,००० वजा केले तर २,८०,००० उरतात, आणि चेक आहे ४ लाखांचा.

पण इथेच समोरचा म्हणेल, ते पैसे मुद्दलाचे नव्हते, व्याजाचे होते. म्हणून बारा व्यवहार एकेक करून उताऱ्यावर शोधा आणि प्रत्येकापुढे तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि पाठवताना लिहिलेली टीप उतरवा. यूपीआय करताना आपण टीप म्हणून काहीतरी टाइप करतो आणि विसरतो. उदाहरणात दोन व्यवहारांपुढे "व्याज" असं लिहिलेलं निघालं, बाकी दहांपुढे काहीच नाही. ते दोन लपवू नका. वकिलाला ते आज कळले तर उत्तर त्यांना धरून लिहिता येतं. उलटतपासणीत कळले तर त्या दहांवरचाही विश्वास जातो.

इशारा: हा दुसरा कागद फक्त वकिलासाठी. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकू नका.

## टप्पा ६: पुढे काय करता येईल ते लिहा

शेवटचा भाग पर्यायांचा. इथे निर्णय घ्यायचा नाही. प्रत्येक वाटेनं काय मिळतं आणि काय अडतं तेवढं लिहायचं.

चेकची पूर्ण रक्कम मुदतीत देणं. ४,००,००० रुपये ८ फेब्रुवारीपर्यंत दिले तर कलम १३८ चा गुन्हा घडत नाही. व्याज आणि नोटीस फीचा वाद राहिला तरी तो दिवाणी राहतो. पैसे खात्यातूनच द्यावेत, रोखीनं नाही, आणि मूळ चेक परत मागावा. या प्रकरणात तोटा उघड आहे: देणं २,८०,००० असेल तर १,२०,००० जास्त जातात आणि ते परत मिळवायला आपल्यालाच झगडावं लागेल.

मान्य असलेली रक्कम देऊन बाकी नाकारणं. २,८०,००० खात्यावर पाठवायचे आणि सोबत हिशेबासह उत्तर द्यायचं. ही वाट अनेकांना आवडते, कारण ती सरळ वाटते. पण ४ लाखांची मागणी असताना कमी रक्कम दिल्यानं फिर्याद आपोआप अडत नाही. सगळं त्या १,२०,००० च्या पुराव्यावर उभं राहतं. शिवाय लेखी कबुलीनं वसुलीची मुदत नव्यानं सुरू होऊ शकते. म्हणून उत्तराचे शब्द वकिलाच्याच हातचे हवेत.

दावा नाकारणारं उत्तर. पैसे न देता, परतफेडीचा तपशील देऊन उत्तर पाठवायचं. खटल्याची तयारी ठेवावी लागते. पण बचाव पहिल्या दिवसापासून लेखी राहतो, आणि पुढे "हे आत्ताच सुचलं" असं कुणाला म्हणता येत नाही.

तडजोड. चेकच्या गुन्ह्यात तडजोड कायद्यानं मान्य आहे, खटला सुरू झाल्यावरही. फोनवरचं "बघू, दोन महिन्यांत देतो" म्हणजे तडजोड नव्हे. रक्कम, हप्त्यांच्या तारखा, मूळ चेक परत देणं आणि फिर्याद न करणं हे दोघांच्या सहीनं कागदावर हवं. नुसती मुदतवाढ मागितली तर १५ दिवस वाढत नाहीत, समोरच्यानं तोंडी होकार दिला तरीही. नवा चेक देऊन वेळ मागत असाल तर जुना हातात आल्याशिवाय देऊ नका. नाहीतर एका देण्यापोटी दोन चेक बाहेर राहतात.

गप्प बसणं. उत्तर न देणं हा गुन्हा नाही. पण खरोखर देणं नव्हतं तर तेव्हाच का सांगितलं नाही, हा प्रश्न न्यायालय विचारतं. रंगप्पा यांच्या २०१० च्या निकालात आरोपीनं नोटिशीला उत्तर दिलं नव्हतं ही गोष्ट त्याच्या विरुद्ध गेली.

## तयार सारांश कसा दिसतो

उदाहरणातला पूर्ण सारांश असा होईल:

> चेक न वटल्याची नोटीस, कलम १३८
>
> कोण कोणाला: ठेकेदार (वकिलामार्फत) यांच्याकडून दुकानमालकास.
>
> तारखा: मेमो ७/१/२०२६ (नोटीस, परि. ५). नोटीस २०/१. टपालात २१/१. मिळाली शनि. २४/१, कामगारानं घेतली (टपालाची नोंद).
>
> त्यांचं म्हणणं: १०/३/२०२४ रोजी बँकेतून ४,००,००० दिले. २४ टक्के व्याज "ठरल्याप्रमाणे", करार जोडलेला नाही. चेक दि. २/१/२०२६, रु. ४,००,०००, पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत. परतफेडीचा उल्लेख नाही.
>
> मागणी: (वाक्य जसंच्या तसं.) चेक ४,००,००० + व्याज १,७६,००० + फी ५,००० = ५,८१,०००. चेकची रक्कम वेगळी दाखवली आहे.
>
> मुदत: पैसे देण्यासाठी ८/२/२०२६ (रविवार). व्यवहारासाठी ६/२. त्यांच्या फिर्यादीची नेहमीची मुदत ९/३.
>
> वादाचा मुद्दा: यूपीआयनं १,२०,००० परत, १२ व्यवहार, त्यातल्या दोनवर "व्याज" अशी टीप. उतारा सोबत.
>
> वकिलाला विचारायचं: ती रक्कम मुद्दलात धरली जाईल का? २,८०,००० आत्ता द्यावेत का? उत्तर कधीपर्यंत जावं?

यात "फसवणूक", "विश्वासघात", "सराईत" हे शब्द कुठेही नाहीत, नोटिशीत ते पानभर असले तरी. मैत्री किती जुनी होती तेही नाही. ते सगळं सांगायचं असेल तर तोंडी सांगा.

## देण्याआधीची शेवटची तपासणी

सारांश घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याला प्रकरण ठाऊक नाही. वाचून झाल्यावर त्याला विचारा: किती मागितलेत, चेक कितीचा, शेवटचा दिवस कोणता, आणि त्या दिवसापर्यंत काय करायचं आहे? चौथ्या प्रश्नाला "उत्तर द्यायचं" असं आलं तर मुदतीची ओळ पुन्हा लिहा.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. त्यांची कार्यालयं न्यायालयाच्या आवारातच असतात. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. चौकशीसाठी १५१०० हा फोन आहे. अर्ज, मंजुरी आणि वकिलाची नेमणूक यात काही दिवस जातात, तेव्हा तिथे जायचं असेल तर नोटीस मिळाल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच जा, आणि अर्जासोबत सारांशाची एक प्रत लावा. मुदतीची तारीख त्यावर लाल शाईनं लिहिलेली असू द्या.